रेपो अर्धा टक्का वाढला, तर हप्ता वाढवावा की मुदत?

वाचकाचे पत्र

मी ४२ वर्षांचा असून अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. पाथर्डी फाट्याजवळच्या सदनिकेचे ३० लाख रुपये कर्ज बाकी आहे. २१६ हप्ते राहिले आहेत, व्याजदर रेपो अधिक २.२५, म्हणजे ७.५० टक्के आहे आणि हप्ता २५,३४९ रुपये आहे. माझी निवृत्ती साठाव्या वर्षी, म्हणजे शेवटच्या हप्त्याच्या सुमारासच आहे. माझ्या मेहुण्यांची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. त्यांनी २०२२ च्या सुरुवातीला नाशिकमधील घरासाठी कर्ज घेतले होते. पुढे दर वाढत गेले, हप्ता तोच राहिला, पण मुदत किती लांबली हे त्यांना वर्षभराने कळले. उद्या रेपो अर्धा टक्का वाढला, तर माझ्या कर्जाचे नेमके काय होईल? हप्ता वाढवून घ्यावा की मुदत वाढू द्यावी? माझ्याकडे दीड लाखाची मुदत ठेव आहे, ती मोडून कर्जात भरावी का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

आपल्या परिस्थितीत हप्ता वाढवून घ्यावा आणि मुदत आहे तेवढीच ठेवावी, असे माझे मत आहे. अर्धा टक्का वाढीसाठी आपल्याला दरमहा सुमारे ९०० रुपये जास्त भरावे लागतील. तेच आपण टाळले, तर त्याच हप्त्यात कर्ज फिटायला जवळजवळ दीड वर्ष जास्त लागेल. एवढ्या लहान रकमेचा एवढा मोठा परिणाम कसा होतो, हे समजल्यावर पुढचे निर्णय आपले आपल्यालाच घेता येतील, म्हणून हिशेब जरा सावकाश मांडतो.

आज आपल्या ३० लाखांवर ७.५० टक्के दराने एका महिन्याचे व्याज १८,७५० रुपये होते. २५,३४९ रुपयांच्या हप्त्यातून आधी हे व्याज वजा होते आणि उरलेले ६,५९९ रुपये मुद्दलात जमा होतात. दर ८ टक्के झाला, की त्याच ३० लाखांचे महिन्याचे व्याज २०,००० रुपये होते आणि हप्ता तोच ठेवल्यास मुद्दलाच्या वाट्याला फक्त ५,३४९ रुपये येतात. व्याज १,२५० रुपयांनीच वाढले असले, तरी हे सगळे रुपये मुद्दलाच्या हिश्श्यातून गेले आहेत आणि तो हिस्सा एकदम १९ टक्क्यांनी आटला आहे. कर्ज फेडण्याचे खरे काम हप्त्यातला मुद्दलाचा भाग करत असतो. तोच आटल्यामुळे वर्तमानपत्रात ‘अर्धा टक्का’ म्हणून वाचलेली वाढ कर्जाच्या मुदतीवर इतकी जड पडते.

हप्ता २५,३४९ रुपयेच ठेवला, तर ८ टक्क्यांनी हे कर्ज २१६ ऐवजी २३४ पूर्ण हप्ते आणि शेवटी एक किरकोळ रक्कम भरल्यावर फिटते. म्हणजे १८ महिने वाढतात आणि आपला शेवटचा हप्ता साडेएकसष्टाव्या वर्षी जातो. मुदत २१६ महिनेच ठेवली, तर हप्ता २६,२४९ रुपये होतो. पहिल्या मार्गाने आपण आजपासून एकूण सुमारे ५९ लाख ३५ हजार रुपये भराल आणि दुसऱ्या मार्गाने सुमारे ५६ लाख ७० हजार. दर वाढलाच नसता, तर हा आकडा ५४ लाख ७५ हजारांच्या आसपास राहिला असता. म्हणजे दरवाढीचा भार एका मार्गाने ४ लाख ६० हजार आणि दुसऱ्या मार्गाने १ लाख ९४ हजार असा दिसतो. बँका व्याजाची आकारणी आणि पूर्णांक करण्याची पद्धत थोडी वेगळी ठेवतात, त्यामुळे आपल्या खात्यावर दोन-चार रुपयांचा फरक दिसला तर तो चुकीचा समजू नये.

या दोन आकड्यांमधील २ लाख ६६ हजारांचा फरक समाजमाध्यमांवर फार भीतीदायक करून सांगितला जातो, आणि तिथे थोडे थांबायला हवे. हा काही दंड नव्हे. आपण बँकेचे पैसे दीड वर्ष जास्त वापरले, त्याचे हे भाडे आहे. शिवाय ज्याने हप्ता वाढवला नाही, त्याच्या हातात दरमहा ९०० रुपये राहिले आहेत. ते त्याने कर्जाच्या दराइतक्या उत्पन्नावर गुंतवले, तर हिशेब समान होतो. व्यवहारात ते ९०० रुपये किराणा आणि पेट्रोलमध्ये विरून जातात, हे आपण सगळेच जाणतो. तरीही हप्ता वाढवण्याचा सल्ला मी या २ लाख ६६ हजारांच्या धाकाने देत नाही. त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे आपले वेतन साठाव्या वर्षी थांबणार आहे, आणि त्यानंतरचे १८ हप्ते भविष्य निर्वाह निधीतून किंवा उपदानातून भरावे लागतील. दुसरे कारण असे, की दरवाढ सहसा एकटी येत नाही.

हे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असल्याने त्यावर थोडा वेळ देऊ. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ रोजी रेपो ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला आणि ८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत सहा वाढींत तो ६.५० टक्क्यांवर नेला. म्हणजे नऊ महिन्यांत अडीच टक्के. आता आपल्याच कर्जावर अशी वाढ झाली आणि आपण प्रत्येक वेळी हप्ता २५,३४९ रुपयेच ठेवला, असे धरून पाहा. सोपेपणासाठी मधल्या काळात फिटणारे थोडे मुद्दल मी बाजूला ठेवतो. पहिल्या अर्ध्या टक्क्याला मुदत २१६ वरून २३४ महिने झाली, हे आपण पाहिले. दुसऱ्या अर्ध्या टक्क्याला, म्हणजे दर ८.५० झाल्यावर, ती २५८ होते. ९ टक्क्यांना सुमारे २९३ आणि ९.५० ला ३५० महिने. दर १० टक्के झाला, की महिन्याचे व्याजच २५,००० रुपये होते, मुद्दलात जेमतेम ३४९ रुपये जातात आणि मुदत सुमारे ५१६ महिन्यांवर, म्हणजे ४३ वर्षांवर जाते. त्यापुढे आणखी पाव टक्का चढला, तर हप्त्यातून व्याजही भागत नाही आणि कर्ज कमी होण्याऐवजी वाढू लागते.

पहिल्या अर्ध्या टक्क्याला १८ महिने वाढले आणि शेवटच्या अर्ध्या टक्क्याला सुमारे १६६ महिने वाढले, हे यात विशेष लक्षात घ्यावे. दर प्रत्येक वेळी सारखाच वाढतो, पण मुदत सारखी वाढत नाही, कारण मुद्दलात जाणारा भाग शून्याच्या जितका जवळ येतो, तितका पुढचा प्रत्येक धक्का मोठा ठरतो. आपल्या मेहुण्यांच्या बाबतीत हेच घडले असणार. २०२२ च्या सुरुवातीला ६.९० टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता लाखामागे ७६९ रुपये बसतो. अडीच टक्के वाढ पूर्ण उतरल्यावर, म्हणजे ९.४० टक्क्यांनी, एका लाखाचे महिन्याचे व्याजच ७८३ रुपये होते. मधल्या काळात फिटलेले थोडे मुद्दल वजा केले, तरी हप्ता जवळजवळ पूर्ण व्याजातच जातो. नव्या कर्जात व्याजाचा वाटा मोठा असतो आणि दर कमी असताना ठरलेला हप्ता लहान असतो. म्हणून वाढीच्या तोंडावर, सगळ्यात कमी दराने आणि सगळ्यात लांब मुदतीने कर्ज घेतलेल्यांना तिची झळ सर्वाधिक बसली. उलट, ज्यांचे पाच-सात वर्षांचेच हप्ते उरले होते, त्यांच्या मुदतीत काही महिन्यांचीच भर पडली.

त्या वेळी अनेक कर्जदारांना आपली मुदत वाढल्याचे नीट कळवले गेले नव्हते. या तक्रारींनंतर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढले आणि जुन्या कर्जदारांनाही ते ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करण्यास सांगितले. त्यानुसार व्याजदर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, दोन्ही थोडे थोडे करणे, किंवा कर्जाची काही वा सगळी रक्कम आगाऊ भरणे, असे पर्याय बँकेने आपल्याला द्यायला हवेत. स्थिर दराकडे जाण्याचा पर्यायही द्यावा, असे त्या परिपत्रकात होते, पण ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा की नाही, हे बँकेच्या इच्छेवर आहे. मुदत वाढवताना हप्त्यातून व्याजही भागणार नाही, अशी अवस्था येऊ देऊ नये, असेही परिपत्रकात स्पष्ट आहे. प्रत्येक तिमाहीला बँकेने आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर दाखवणारे विवरण देणे आवश्यक आहे. त्या विवरणातील ‘उरलेले हप्ते’ हा एकच रकाना आपण दर तिमाहीला पाहिलात, तरी पुरेसे आहे. एका तिमाहीत तो तीनने कमी व्हायला हवा. तसा झाला नसेल किंवा उलट वाढला असेल, तर दरवाढ आपल्या मुदतीत जमा झाली आहे, असे समजावे.

मात्र पर्याय देणे बँकेवर बंधनकारक असले, तरी आपण काही कळवले नाही, तर काय करायचे हे बहुतेक वेळा बँकेने आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते. हप्ता न बदलल्याने ग्राहकाला काही जाणवत नाही आणि बँकेलाही वसुलीची व्यवस्था बदलावी लागत नाही. म्हणून संदेश आला, की त्याला उत्तर द्यावे. उत्तर द्यायला तीन वर्षे उशीर केला, तर काय होते तेही पाहू. ८ टक्के दराने तोच हप्ता ३६ महिने भरल्यावर आपले २७ लाख ८३ हजार रुपये बाकी असतील. तेव्हा उरलेल्या १८० महिन्यांत कर्ज संपवायचे ठरवले, तर हप्ता २६,५९७ रुपये करावा लागेल. म्हणजे आज ९०० रुपयांत भागणारी वाढ तेव्हा सुमारे १,२५० रुपयांवर गेलेली असेल.

आता आपल्या मुदत ठेवीकडे वळतो. दर ८ टक्के झाल्यावर हप्ता २५,३४९ रुपये आणि मुदत २१६ महिने, दोन्ही आहे तसेच ठेवायचे असेल, तर बाकी सुमारे २८ लाख ९७ हजारांवर आणावी लागते. म्हणजे एकदाच १ लाख ३ हजार रुपये भरावे लागतात. दरमहा ९०० रुपये, आज १ लाख ३ हजार रुपये किंवा १८ जास्तीचे महिने, ही एकाच दरवाढीची तीन रूपे आहेत. वैयक्तिक बदलत्या दराच्या गृहकर्जात आगाऊ भरण्यावर बँकेला दंड आकारता येत नाही आणि ठेवीवरील व्याज कर वजा जाता बहुधा ८ टक्क्यांपेक्षा कमीच पडते, त्यामुळे निव्वळ गणित ठेव मोडण्याच्या बाजूने आहे. पण दीड लाख ही आपली एकमेव गंगाजळी दिसते, आणि ती साधारण सहा हप्त्यांएवढीच आहे. एकदा कर्जात भरलेली रक्कम साध्या गृहकर्जातून परत काढता येत नाही. कारखान्यात काम कमी झाले किंवा घरात आजारपण आले, तर हप्ता चुकू न देण्यासाठी हीच ठेव कामी येईल. म्हणून आपण ती मोडू नये. पगारातून ९०० रुपये निघत असतील, तर तोच मार्ग धरावा. ते जड वाटत असतील, तर निम्मेच वाढवा. हप्ता २५,७९९ रुपये केला, तर मुदत साधारण २२५ महिन्यांवर थांबते, म्हणजे वाढ १८ ऐवजी नऊ महिन्यांची होते. ती पुढे एखाद्या वर्षाच्या बोनसमधून भरून काढता येईल.

आपल्या मेहुण्यांना मात्र मी वेगळे सांगेन. द्राक्षाचा पैसा हंगामात एकदम येतो आणि पावसाळ्यानंतर छाटणी, औषधे, मजुरी यांत पैसा जातच राहतो. अशा घरात दरमहा हप्ता वाढवणे म्हणजे हाती पैसा नसलेल्या महिन्यांवर ओझे टाकणे होय. त्यांनी हप्ता झेपेल तेवढा ठेवावा आणि माल विकून पैसे हाती आले, की त्याच महिन्यात काही रक्कम मुद्दलात भरावी. गारपिटीत बाग गेली, त्या वर्षी भरू नये. तशी सक्तीही नाही. शिवाय २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला आणि डिसेंबरात ५.२५ झाला. त्या उतरणीचा लाभ त्यांच्या मुदतीत जमा झाला की हप्त्यात, हे त्यांनी विवरणात तपासावे. हप्ता कमी करून दिला असेल आणि मुदत लांबलेलीच राहिली असेल, तर पूर्वीचाच हप्ता चालू ठेवण्याचा अर्ज द्यावा.

हे सगळे आकडे आपल्याला संगणकावर किंवा मोबाइलवरील एक्सेलमध्ये स्वतः काढता येतील. पहिल्या ओळीने नवा हप्ता मिळतो आणि दुसरीने तोच हप्ता ठेवल्यास लागणारे महिने. दर, महिने, बाकी आणि हप्ता आपापल्या विवरणातून घालावेत.

```
=PMT(8%/12, 216, -3000000)
=NPER(8%/12, -25349, 3000000)
```

पहिल्याचे उत्तर २६,२४९ आणि दुसऱ्याचे २३४.१५ येईल. दुसऱ्या सूत्राने उत्तराऐवजी `#NUM!` दाखवले, तर त्या हप्त्यात कर्ज कधीच फिटणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. तिथे सूत्र चुकलेले नसते.

दरवाढीची बातमी आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी हप्ता बदलेल, अशी अपेक्षा ठेवू नये. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलला पाहिजे, असा नियम आहे. आपली ती तारीख कोणती, हे करारात पाहावे किंवा शाखेत विचारावे. नवा दर आला, की तो रेपो अधिक २.२५ एवढाच आहे ना, हेही तपासा. रेपोवर लावलेला हा अधिभार बँकेला मनास येईल तेव्हा वाढवता येत नाही. त्यातील जोखमीचा भाग कर्जदाराची पत लक्षणीय बदलली तरच वाढू शकतो. रेपो अर्धा टक्का वाढून आपला दर पाऊण टक्का वाढला असेल, तर लेखी कारण मागावे. मेहुण्यांचे कर्ज बँकेऐवजी गृहवित्त कंपनीचे असेल, तर रेपोशी जोडणी तिथे बंधनकारक नाही. कंपनीचा स्वतःचा मूळ दर केव्हा आणि किती बदलला, हे त्यांना वेगळे पाहावे लागेल.

स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय मी आपल्याला सुचवत नाही. स्थिर दर सहसा चालू बदलत्या दरापेक्षा बराच वर ठरवलेला असतो आणि बदलासाठी शुल्कही पडते. अर्ध्या टक्क्याच्या भीतीने त्याहून जास्त दर आजच स्वीकारण्यात अर्थ नाही.

हप्ता वाढवण्याचा अर्ज देताना ‘मुदत २१६ महिने कायम ठेवून हप्ता नव्या दरानुसार निश्चित करावा’ असे वाक्य लिहावे. नुसते ‘हप्ता वाढवावा’ असे लिहिल्यास तो किती आणि कशासाठी, हे शाखेच्या मर्जीवर राहते. आगाऊ रक्कम भरतानाही ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे लिहून द्यावे, नाहीतर काही ठिकाणी हप्ताच कमी करून दिला जातो. अर्जाची पोच घ्यावी आणि पुढच्या विवरणात बदल झाला आहे का, ते पाहावे. आणखी एक गोष्ट लोकांच्या हमखास नजरेआड होते. आपला हप्ता पगाराच्या खात्यातून आपोआप वळता होत असेल, तर त्यासाठी दिलेल्या आदेशात कमाल रकमेची मर्यादा लिहिलेली असते. ती मर्यादा नेमकी २५,३४९ असेल, तर २६,२४९ रुपयांची मागणी परत जाईल आणि खात्यात पैसे असूनही हप्ता चुकल्याची नोंद होईल, वर दोन्हीकडचे शुल्क लागेल ते वेगळेच. म्हणून अर्जाबरोबरच नवा आदेश द्यावा आणि त्यात मर्यादा ३०,००० रुपयांच्या पुढे ठेवावी, म्हणजे पुढच्या एक-दोन दरवाढींना पुन्हा खेटे घालावे लागणार नाहीत.